यादीत नसलेला कारखाना

आमच्या फंडाच्या प्रमुखाला आम्ही पाठीमागे परीस म्हणायचो. आपण हात लावू त्याचं सोनं होतं, असं तो स्वतःच सांगत फिरायचा. चार वर्षं मी त्याची आकडेमोड केली. सोनं काही दिसलं नाही, मुलामा भरपूर दिसला.

त्याचं नवं सूत्र असं: दर जानेवारीत, कंपनीच्या पुस्तकी किमतीच्या, म्हणजे देणी वजा जाता तिच्या हिशेबात उरणाऱ्या मालमत्तेच्या, मानाने सगळ्यात स्वस्त असलेले तीस शेअर घ्यायचे, वर्षभर ठेवायचे, मग नवे तीस. गेल्या वीस वर्षांच्या भावांवर हे चालवून पाहिलं, ज्याला आमच्यात बॅकटेस्ट म्हणतात, तर दरसाल एकवीस टक्के. बाजाराने तेवढ्यात अकरा दिले होते. परीसाने एकवीस हा आकडा लाडवाएवढा मोठा छापून घेतला.

मी कंपन्यांची यादी उघडली. ती आजची होती. मधल्या वीस वर्षांत बुडालेल्या, बाजारातून नाव काढून टाकलेल्या कंपन्या तिच्यात नव्हत्याच. शर्यत संपल्यावर कोण पोचलं ते बघून पैज लावायची आणि वर मिशीला पीळ द्यायचा, असा हा प्रकार. एवढी शाळकरी चूक करायला त्याला दोन पदव्या लागल्या होत्या.

मी प्रत्येक जानेवारीची त्या वेळची खरी यादी मिळवली आणि सगळं पुन्हा चालवलं. बाजारातून गेलेली प्रत्येक कंपनी बुडालेली नसते, काही चांगल्या भावात विकत घेतल्या गेल्या होत्या. त्यांना तो भाव दिला. बुडालेल्यांना भागधारकांच्या हाती खरोखर जे पडलं ते दिलं, म्हणजे बहुतेकांना शून्य. उत्तर आलं साडेसहा. त्यात नवल नव्हतं. मरायला टेकलेला शेअर स्वस्तच असतो, आणि हे सूत्र स्वस्ताच्याच गळ्यात पडतं.

"मेलेल्या कंपन्या कशाला उकरतेस?" परीस म्हणाला. "आज त्या विकत घेता येणारेत का?"

"सर, तेव्हा येत होत्या. आणि कोण मरणार हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?"

"बरं, मग त्यांचा शेवटचा भाव तसाच पुढे धर."

म्हणजे मढं भिंतीला टेकवून उभं करायचं आणि म्हणायचं, बघा, पडलं नाही. तसं करून तेरा आले. "तेराला कोण विचारतं?" तो म्हणाला. "एकवीसच ठेव. उद्या पेन्शनवाले येतायत."

पेन्शनवाले म्हणजे एका बंद पडलेल्या पंप कारखान्याच्या निवृत्त कामगारांचा निधी. सहाशे घरांची म्हातारपणाची पुंजी. मी एकवीसच ठेवले. नोकरी हवी होती. त्या दिवशी परीसाइतकाच मला माझाही तिटकारा आला.

दुसऱ्या दिवशी दोघं आले: एक जुने फोरमन आणि हिशेब बघणाऱ्या एक बाई. परीस पाऊण तास बोलला. फोरमनकाका चष्मा कपाळावर सरकवून सूत्राने दर वर्षी घेतलेल्या शेअरांची यादी बोटाने खाली खाली वाचत होते.

"सगळ्यात स्वस्त तेच घेतलेत ना?" त्यांनी विचारलं. "मग आमचा कारखाना कुठाय? बंद पडायच्या आधी तीन वर्षं आमचा शेअर मातीमोल होता. आम्ही सगळ्यांनीच घेतला होता, म्हणून सांगतो."

"तो यादीत येत नाही, काका," परीस म्हणाला. " ती कंपनी आता नाहीये ना."

"आम्ही आहोत की."

परीस हसला. त्याला तो विनोद वाटला. काका हसले नाहीत, ते माझ्याकडे वळले. "ताई, आकडे तुम्ही काढता ना? तुम्ही सांगा."

 मी खऱ्या यादीची दुसरी फाइल उघडली. "तीन जानेवारींना सूत्राने तुमचा शेअर घेतला असता, काका. शेवटचा बेचाळीस रुपयांना. परत आलं शून्य."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "शून्यच आलं."

"आम्हाला आणि आमच्यासारख्या सगळ्यांना धरून किती होतात?" काकांनी विचारलं.

"साडेसहा. बाजाराचे अकरा."

काकांनी एकवीसचा कागद नीट चार घड्या करून परीसापुढे सरकवला, चष्मा खाली घेतला आणि उठले. निधी आला नाही. संध्याकाळपर्यंत माझीही नोकरी गेली, आणि खरं सांगते, त्या रात्री मी बऱ्याच महिन्यांनी गाढ झोपले.

परवा परीसाच्या कंपनीची नवी पुस्तिका हाती पडली. तिच्यात लिहिलंय, 'आमच्याकडे आलेला माणूस टिकतो. सरासरी नोकरी नऊ वर्षं.' मी मोजून पाहिलं. सरासरी आज तिथे बसलेल्या सहा जणांची आहे. माझ्या चार वर्षांत सोडून गेलेल्या किंवा हाकललेल्या अकरा जणांना त्यांनी धरलेलंच नाही.