टोक

दुकानात तिला सगळे बारकाईबाई म्हणत. संकेतस्थळावर वस्तूंची वर्णनं लिहायचं काम तिचं, आणि तपासल्याशिवाय ती एक अक्षर लिहीत नसे. जलरंगांच्या नव्या संचासाठी बाराही वड्या तिने स्वतः कागदावर ओढून पाहिल्या होत्या. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून त्या पट्ट्या तीन महिने खिडकीच्या काचेला लावल्या. एक गुलाबी उन्हाने उडाली, तर रंग बनवणाऱ्याला वडी बदलायला लावली. तो आजही तिच्या नावाने बोटं मोडतो.

आज पान दुपारी बारापर्यंत चढवायचं होतं. प्रकार: जलरंग, अर्ध्या आकाराच्या वड्या, बारा. पिगमेंट (रंगद्रव्य): प्रत्येक वडीत एकच, भेसळ नाही. बाइंडर: बाभळीच्या जातीचा डिंक. इथवर हात झरझर चालला. मग आली ब्रशची ओळ, आणि ती खुर्चीवरून उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली.

संचातला आठ नंबरचा गोल ब्रश काका दुकानाच्या मागच्या खोलीत, आपल्या बाकड्यावर बांधत. आईवडिलांमागे तिला वाढवलं ते याच काकांनी. दोन वर्षं ती त्यांच्या ब्रशचं जुनंच वर्णन उचलून चिकटवत होती: सेबल प्राण्याच्या शेपटीचे केस, सुरेख टोक, पातळी व्यावसायिक. काल एका चित्रकाराने ब्रश परत पाठवला, सोबत चिठ्ठी: ‘टोक येत नाही.’ सकाळी तिने नव्या खेपेतला एक ब्रश पाण्यात बुडवून झटकला. त्याला दोन टोकं आली. दुसऱ्यालाही तेच. भिंगाखाली पाहिलं, तर केसांची टोकं निमुळती नव्हती, सपाट कापलेली होती. सेबलच्या टोकाला कात्री लावत नाहीत, हे तिला सातव्या वर्षापासून माहीत होतं. कापायचे ते मुळाकडून.

मालकीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, “संच व्यावसायिक असेल तर काकांचा ब्रश घालू. नाहीतर यंत्रावरचा सिंथेटिक.” म्हणजे खरं लिहिलं की काकांचं बाकडं बंद. त्या बाकड्याशिवाय काका दिवसभर काय करतील, हे तिच्या डोळ्यांपुढे येईना.

साडेअकरा वाजले. ती तो ब्रश घेऊन मागच्या खोलीत गेली. केसांची टोकं एका रेषेत यावीत म्हणून काका ते पितळी पेल्यात टोकं खाली करून ठोकत बसले होते.

“माझा ब्रश चढला का गं पानावर?”

“अजून नाही.”

“का? तुझं घोडं कधी अडत नाही.”

तिने ब्रश त्यांच्या हातात दिला. काकांनी तो वाटीत बुडवला, झटकला, डोळ्यांजवळ नेला, मग खालच्या ओठावर टेकवला. ओठाला सगळं कळतं, असं ते म्हणत. पेला ठोकणारा दुसरा हात थांबला.

“मला टोकं दिसेनाशी झाली,” ते म्हणाले. “वाकडी लागली की वाटायचं, जरा सारखी करावीत. जरा जरा करत...” मग एकदम, “पण तू तपासत होतीस ना?”

“तुमचे होते, म्हणून नाही तपासले.”

तिला रडू फुटेल असं वाटलं. अख्ख्या गावाच्या चुका काढणारीच्या दिव्याखाली अंधार होता.

“लिही मग. पातळी: शिकाऊ. वय: आठच्या पुढे,” काका म्हणाले. तिच्या जिवावरचं ओझं थोडं उतरलं. शिकाऊ म्हटलं तर खोटं नव्हतं, मालकीणबाईंनाही गळ घालता आली असती. ती दारापर्यंत गेली.

“थांब. आठ वर्षांची होतीस तेव्हा तुला कसला ब्रश दिला होता मी?”

“सेबलचा. पोराला एवढा महागडा, म्हणून सगळे हसले होते तुम्हाला.”

“मग का दिला?”

तिला उत्तर पाठ होतं, पण म्हणायला वेळ लागला. “वाईट ब्रशने शिकलेलं पोर आपल्याच हाताला नावं ठेवतं.”

“मग शिकाऊही लिहू नकोस.”

काकांनी ब्रश पुसला. खोक्यातले उरलेले चोवीस तिच्याकडे सरकवले, तो एक मात्र ठेवून घेतला.

“हा राहू दे. डिंक लावायला बरा आहे.”

बाराला पाच कमी असताना तिने ओळ भरली. ब्रश: सिंथेटिक, आठ नंबर, गोल. मग ती पुन्हा उठली आणि यंत्रावरच्या ब्रशचं खोकं उघडून एक पाण्यात बुडवला. मागच्या खोलीतून पेल्याचा आवाज येतो का, हे ऐकायला ती तशीच उभी राहिली. आवाज येत नव्हता.