बोट ठेवा

कमळाकरने आपल्या वाणसामानाच्या दुकानातला काउंटर काढला, तेव्हा त्याच्या बायकोच्या, कुमुदच्या गुडघ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आता गिऱ्हाइकांनी आत यावं, हवं ते स्वतः उचलावं. स्टुलावर चढउतर बंद!

फळ्या कमळाकरने लावल्या. उंच डबे मागे, बुटके पुढे, एका कंपनीचा माल एका रांगेत. पनवेलभर मिरवायला स्टुडिओवाल्या अविनाशला बोलावून दारातून फोटोही काढून घेतला.

फोटो आला. फळ्या देखण्या होत्या, पण आतल्या सगळ्या बायका मान वळवून गल्ल्यावरच्या कमळाकरकडे बघत होत्या.

"बघ, सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे," तो खूश.

"अहो, त्या विचारतायत, साबुदाणा कुठाय!"

खरंच होतं ते. विचारून विचारून कंटाळलेल्या बायका पुन्हा दारातूनच ओरडू लागल्या, आणि कुमुद पुन्हा स्टुलावर. कमळाकर वैतागला. "सोमवारी काशिराम सुताराला बोलावतो. काउंटर परत बसवू."

कुमुदने तो फोटो गल्ल्याशेजारी ठेवला. विचुंब्याहून बाजाराला आलेल्या जनीकाकूंना म्हणाली, "काकू, साबुदाणा कुठे शोधाल? या फोटोवर बोट ठेवा."

"आमी आदी शेंगदाण्याजवल बगतो. उपासाला दोनी लागतात ना?"

कमळाकरने साबुदाणा रव्याशेजारी ठेवला होता. "दोन्ही पांढरे," हे त्याचं कारण.

मग येईल तिला कुमुद बोट ठेवायला लावी. खोबरेल त्याने गोडेतेलाशेजारी ठेवलेलं. नीताचं बोट साबणावर गेलं. "डोक्याला लावायचं की फोडणीला, भावजी?" उदबत्ती चहाच्या पुड्यांना चिकटून होती. मालू म्हणाली, "तरीच! काल चहा पिताना देवळात बसल्यासारखं वाटलं."

"सगळ्या मिळून माझी टिंगल करताय," कमळाकर फुरंगटला.

"टिंगल कसली? तुम्ही फळ्या रंग आणि कंपनी बघून लावल्यात. आम्हाला स्वयंपाक करायचा असतो, कंपनी नाही चालवायची," कुमुद म्हणाली.

रविवारी दुपारी दुकान बंद ठेवून कुमुदने सगळं हलवलं. उपासाचं एकत्र, फोडणीचं एकत्र, उदबत्ती-कापूर-काडेपेटी एका कोपऱ्यात, साबण आणि खोबरेल चहापासून लांब. रोजचं डोळ्यांसमोर, जड पोती-डबे खाली, जुनी पाकिटं आधी खपावीत म्हणून पुढे. कमळाकर तोंड फुगवून डबे उचलून देत होता.

सोमवारी काशिराम टेप घेऊन आला. "कुठनं कुठपर्यंत घेऊ माप?"

तेवढ्यात जनीकाकू आत शिरल्या. कमळाकर उठला. "काय देऊ, काकू?"

"काय नाय. तू बस."

त्यांनी साबुदाण्याचं पाकीट उचललं, शेजारचे दाणे घेतले. मग टाचा उंचावून राजगिऱ्याकडे हात नेला. बोटं जेमतेम पाकिटाला लागत होती. तरी हाक काही मारली नाही.

कमळाकर बघत राहिला. कुमुद जिऱ्याची पाकिटं सारखी करत होती. ती आधीच सारखी होती.

"शेठ, माप?" काशिरामने पुन्हा विचारलं.

"काउंटर नको," कमळाकर म्हणाला. "ती वरची फळी तेवढी काकूंच्या हाताशी आण." आणि कुमुदकडे न बघता पुटपुटला, "हसू नकोस."

"मी कुठे हसतेय?" म्हणत कुमुद पोत्याआड वाकली.