आसन क्रमांक दोनशे चौदा

शेषराव मास्तर तिवशाकडचा, पण परीक्षेला आला होता अकोल्याला. मुद्दामच. अमरावतीत चार माणसं ओळखीची निघाली असती. खिशात शाई भरलेले दोन पेन होते आणि बोर्डाचं प्रवेशपत्र. त्यावर चिकटवलेला फोटो त्याचा, पण नाव जानरावचं.

जानराव म्हणजे त्याच्या बहिणीचा, कौशल्याचा, नवरा. मॅट्रिकचे बाकी विषय कसेबसे निघाले होते, इंग्रजी तेवढं तीनदा बुडालं. तहसिलीत कारकुनाची जागा चालून आली होती, पण मॅट्रिकवाल्यालेच. कौशल्या रडत माहेरी आली, "भाऊ, एवढा एक पेपर तू लिहून दे." आता घरच्या जावयाला नाही कसं म्हणायचं? बाहेरून बसणाऱ्यांच्या फॉर्मवर फोटो लागतो आणि त्यावर हेडमास्तरची सही-शिक्का लागतो. शेषरावनं आपला फोटो डकवला, आणि हेडमास्तरनं मान वर न करता शिक्का मारला. झालं! इतकं सोपं असतं हे, म्हणूनच माणूस फसतो.

शेवटच्या ओळीत दोनशे चौदा नंबर होता. नियमाप्रमाणे प्रवेशपत्र बाकावर उघडं ठेवून शेषराव खाली मान घालून बसला. अजून पहिली घंटा व्हायची होती.

"अरे! शेषराव?"

त्यानं मान वर केली. समोर खुशालराव गुरुजी! यांनीच त्याला इंग्रजी शिकवलं होतं, आणि तो मॅट्रिकला इंग्रजीत शाळेत पहिला आला तेव्हा सगळ्या वर्गाला पेढे वाटले होते. आता बदलीनं अकोल्यात आलेले, निवृत्तीला टेकलेले, चष्म्याची भिंगं जाड झालेली. ते या खोलीचे पर्यवेक्षक होते.

"मास्तर झाला म्हणून ऐकलं होतं बुवा. पर्यवेक्षक म्हणून आला न? अन् पोरांच्या बाकावर काय बसून राहिला? ऊठ, ऊठ!" गुरुजींनी त्याचा दंड धरून उठवलं. आनंदानं त्यांचा आवाज खोलीभर घुमला. "माह्या डोळ्यांले बारीक अक्षर दिसत नाही आता. हे नियम वाचून दाखव पोराइले. तवर मी प्रवेशपत्रं पाहतो."

चाळीस पोरांसमोर शेषराव उभा राहिला, हातात नियमांचा कागद. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला.

"पुस्तकं, वह्या, कागद बाहेर ठेवावेत. पेन, शाई स्वतःची आणावी. प्रवेशपत्र बाकावर ठेवावं. उत्तरपत्रिकेवर नाव लिहू नये, फक्त आसन क्रमांक लिहावा. अर्ध्या तासानंतर कोणाला आत घेतलं जाणार नाही."

गुरुजी बाकाबाकावरून चालले होते. एकेक प्रवेशपत्र नाकाला लावून पाहायचे, मग समोरचा चेहरा, मग हजेरीच्या कागदावर सही. दोनशे बारा. दोनशे तेरा. शेषराव वाचत होता, पण डोळे त्या म्हाताऱ्या हातांवर होते.

"एकाच्या जागी दुसरा... दुसरा उमेदवार बसल्याचं आढळल्यास..."

गुरुजींनी दोनशे चौदाच्या बाकावरचं प्रवेशपत्र उचललं. चष्मा कपाळावर सरकवून ते फोटोकडे बघत राहिले. बराच वेळ. शेषराव वाचायचा थांबला.

"थांबला काहून?" गुरुजी मान वर न करता म्हणाले. "वाच पुढं."

"...दोघांचीही परीक्षा रद्द होईल आणि पोलिसांत कळवलं जाईल."

कोणीतरी पोरगं खोकललं. गुरुजींनी हजेरीच्या कागदावर दोनशे चौदासमोर वाकून काहीतरी लिहिलं. मग ते पुढे आले, नियमांचा कागद परत घेतला आणि त्याच्या जागी प्रवेशपत्र ठेवलं.

"जानराव गैरहजर," ते हळू आवाजात म्हणाले. "हे त्याले नेऊन दे."

घंटा झाली. गुरुजी त्याला दारापर्यंत सोडायला आले. आता कौशल्याला काय सांगायचं, जानराव काय म्हणेल, हे शेषरावच्या डोक्यातही नव्हतं. शरमेनं त्याचे कान जळत होते. रागावले असते, मुस्काटात मारली असती, तरी बरं वाटलं असतं त्याला. तो पायांना हात लावायला वाकला तर गुरुजी पाऊलभर मागे सरकले.

"एकतीस वर्षं झाली या कामाले," ते म्हणाले. "आजवर खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं. आज तुह्यापायी, बसलेल्याले गैरहजर लिहिलं. जा आता, पेपर वाटायचे हायेत मले."