काठावरची तीन टिंबं

मॅनेजरसाहेब इतके गोड बोलायला लागले, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

"अगं, सरांचा फोटो झकास आलाय. खाली निरोपाच्या चार ओळी लिही आणि शेवट असा कर: 'आयुष्यभर आम्हाला भिजवलं, आता सर निवांत कोरडे!' लोक हसतील, विषय संपेल."

विषय संपेल? कसला विषय?

ती तरण तलावाच्या ऑफिसात बसायची. फी घ्यायची, बॅचेस लावायची आणि तलावाचं फेसबुक पेजही तीच सांभाळायची. फोटोतल्या सरांनीच तिला लहानपणी पोहायला शिकवलं होतं. पाय मारण्याच्या तिच्या तऱ्हेवरून ते तिला अजून 'बेडके' म्हणूनच हाक मारत. असा माणूस हंगाम ऐन भरात असताना, ना समारंभ ना काही, सोमवारपासून येणार नाही, आणि वर त्याच्यावर विनोद करायचा?

त्यात नव्या कोचचे टी-शर्ट कपाटात आधीच येऊन पडले होते. तिने दुपारी सरांना गाठलं.

"सर, खरं सांगा. तुम्हाला जा म्हणाले का?"

"मला कोण जा म्हणणार?" सर लेन-दोरी गुंडाळत राहिले. तिच्याकडे बघितलंच नाही. "साहेब सांगतात ते लिही आणि मोकळी हो."

त्यांचं ते न बघणं तिला फार लागलं. दबाव आहे, दुसरं काय!

ती लिहायला बसली. शुभेच्छांवर शेवट केला तर खाली शुभेच्छांचीच रांग लागेल आणि कुणी दोनदा वाचणार नाही. विनोदावर केला तर हसरे चेहरे पडतील आणि सर हसण्यावारी जातील. तिला लोकांना थांबवायचं होतं. शेवटी तिने लिहिलं, 'सोमवारपासून सर काठावर नसतील…' साहेबांना न दाखवताच तिने पोस्ट टाकून दिली.

लोक थांबले. जरा जास्तच थांबले.

'नसतील म्हणजे?' 'काढलं का?' 'मॅनेजरने डाव साधला वाटतं.' पहिल्या तासात तिला आतून बरंच वाटत होतं. मग कुणीतरी लिहिलं, 'गेल्या आठवड्यात खोल बाजूला काहीतरी झालं होतं म्हणे. एक मुलगी होती.' त्याखाली लगेच, 'कुठली मुलगी? कोणत्या बॅचची?'

तिने ती कमेंट पुन्हा वाचली. हे तिला ठाऊकच नव्हतं. तेवढ्यात सरांचा फोन आला. "घरी ये," एवढंच म्हणाले.

दार काकूंनी उघडलं. एरवी भरभरून बोलणाऱ्या काकूंनी नुसतं आत बोट दाखवलं.

"ती पोर हात हलवत होती," सर म्हणाले. "मला वाटलं, खेळतेय. खोल पाण्यातलं आताशा नीट दिसत नाही गं मला. शेजारच्या लेनमधल्या बाईंनी तिला बाहेर काढलं. पोर ठीक आहे. तिच्या आईला मी स्वतः जाऊन सांगितलं, आणि त्याच दिवशी साहेबांना म्हटलं, माझ्या जागी माणूस बघा."

"म्हणजे तो विनोद…"

"माझाच. लोक हसले की खोदून विचारत नाहीत. आता तुझ्या त्या टिंबांत जो तो आपापलं भरतोय. पोरीचं नाव निघालं तर तिला परत पाण्यात कोण उतरवणार?"

तिला तोंड वर करवेना. साहेबांबद्दल काय काय मनात आणलं होतं! मग ती म्हणाली, "सर, आता विनोद घातला तर लोक म्हणतील, झाकताय. शुभेच्छा घातल्या तरी तेच म्हणतील."

"मग?"

"टिंबं काढते. सरळ पूर्णविराम देते. पण त्याआधी कारण लिहावं लागेल."

सरांनी काकूंकडे पाहिलं. काकूच म्हणाल्या, "डोळ्यांचं लिहू द्या की. त्यात लाज कसली?"

"डोळ्यांचं लिही," सर म्हणाले. "पोरीचं नको."

तिथेच बसून तिने मुलीबद्दलच्या कमेंट्स काढून टाकल्या आणि शेवट बदलला: 'सरांची नजर आता पूर्वीसारखी साथ देत नाही, म्हणून त्यांनी स्वतःच थांबायचं ठरवलंय. सोमवारपासून सर काठावर नसतील.'

सरांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि मान हलवली.

पेजवरचा गलका हळूहळू निवला. तरी एका मुलाच्या बापाने विचारलंच, 'काल वेगळं होतं. का बदललं?' साहेब तिच्याशी कामापुरतंच बोलत होते, तेव्हा त्यांना विचारायची सोय नव्हती. ती उत्तर लिहीत होती, खोडत होती. तेवढ्यात खाली सरांचीच कमेंट आली. ते पेजवर कधी काही लिहीत नसत.

'मी सांगितलं म्हणून बदललं. शंका असेल तर घरी या, चहा घेऊ.'

त्या बापाने लाइकचा अंगठा दिला. चहाला मात्र कुणी गेलं नाही.