ऐंशी पैशांचं वेळापत्रक

आमचे सासरे एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, पण वाहतूक काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. घरात चार माणसं आणि एक न्हाणीघर, तरी कुणाची गाडी किती वाजता सुटणार हे अण्णांना आदल्या दिवशी ठाऊक हवं असतं. त्यामुळे वीज कंपनीने नवं मीटर बसवलं आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत वापरलेल्या प्रत्येक युनिटला ऐंशी पैसे सवलत आहे असं अण्णांना कळलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर वेळापत्रक चिकटलं. लाल शाईने मथळा, खाली रकाने. वॉशिंग मशीन, सकाळी सव्वादहा. गिझर, 'विचाराधीन'. आणि तळाला अपेक्षित बचत. चौघांच्या अंघोळींना थंडीत मिळून तीन युनिटं, कोमट पाण्यातल्या कपड्यांना एक, अशी रोजची चार युनिटं. चार गुणिले ऐंशी पैसे, तीन रुपये वीस पैसे. महिन्याला शहाण्णव रुपये.

"शहाण्णव?" मंदार म्हणाला. मंदार म्हणजे माझा नवरा. "अण्णा, एवढ्यात दोन माणसांची मिसळ येत नाही."

"वर्षाचे अकराशे बावन्न," अण्णा म्हणाले, "आणि फुकट. फक्त बटण दाबायची वेळ बदलायची."

मशीनबाबत त्यांचं म्हणणं खरंच होतं. मी आजवर ते सकाळी साडेसहाला लावत असे, का ते मलाही सांगता आलं नसतं. सव्वादहाला लावलं तर कपडे तेवढेच स्वच्छ निघतात, वर थेट उन्हात वाळत पडतात. माझं ब्लाऊज शिवण्याचं काम अकराला सुरू होतं, त्याच्या आत दोरी भरलेली असते. पहिल्याच आठवड्यात हे अंगवळणी पडलं.

गिझरचं मात्र तसं नव्हतं, कारण गिझरमागे अंघोळ आणि अंघोळीमागे आमच्या सासूबाई होत्या.

आमच्याकडे पारोशाने स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही. हा सासूबाईंचा नियम, त्यांच्या सासूबाईंचा, आणि बहुधा गोदावरी नाशकात आली तेव्हापासूनचा. पाचला अण्णांची अंघोळ, साडेपाचला आईंची, मग त्यांची पूजा, सहाला माझा नंबर. मग मी ओट्याशी जायचं आणि सव्वासातच्या आत मंदारचा डबा भरायचा, कारण साडेसातला त्याच्या कंपनीची बस. या साखळीत एक कडी इकडची तिकडे झाली की डबा बोंबलला.

आणि मला नेमके सहा ते सात हवे होते.

हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. जवळच्या शाळेच्या मैदानावर झीनतताई नावाच्या बाई बायकांचा थ्रोबॉलचा संघ बांधत होत्या. कॉलेजात मी थ्रोबॉल खेळायचे, बरी खेळायचे, खोटं कशाला बोलू, चांगलीच खेळायचे. एका संध्याकाळी भाजी घेऊन येताना त्यांच्या बायकांनी मला चेंडू दिला आणि मी पिशवी खाली ठेवून तो टाकला. झीनतताईंनी तिथल्या तिथे मला संघात यायला सांगितलं. जानेवारीत स्पर्धा होती. सराव रोज सकाळी सहा ते सात, नावं द्यायची शेवटची तारीख वीस डिसेंबर. त्या रात्री मला झोप लागली नाही. चाळिशीला आलेल्या बाईला चेंडूसाठी रडू येतं हे कुणाला सांगायची सोय नसते.

नियम मोडा असं मी आईंना सांगू शकत नव्हते. त्या दुष्ट असत्या तर भांडले असते. पण माझ्या बाळंतपणात जगलं नाही ते मूल त्यांनी माझ्याइतकंच रडून पोचवलं होतं. अशा माणसाशी भांडता येत नाही.

तर गिझर. पाचची अंघोळ अण्णा हलवायला तयार नव्हते, आणि ऐंशी पैसे सोडायलाही. त्यांनी तोडगा काढला. दुपारी साडेचारला, सवलतीच्या वेळेत, पंचवीस लिटरचा गिझर पूर्ण तापवायचा, पाचच्या आत बंद करायचा आणि ते पाणी पहाटेला वापरायचं. "राखीव गाडी डेपोत उभी," असं ते म्हणाले.

पहाटे राखीव गाडीतून कोमट पाणी आलं. आमचा गिझर बारा वर्षांचा, त्याच्या अंगातली ऊब रात्रभरात भिंतीला वाटून टाकणारा. मग अण्णा पाव तास बटण लावायचे, चोरून. मोबाइलवर नव्या मीटरचं ॲप आहे, त्यात तासातासाचा वापर उभ्या दांड्यांत दिसतो. दुपारी चार ते पाचची उंच दांडी आणि पहाटेची बुटकी दांडी मला रोज दिसत होती. दहा दिवस मी गप्प राहिले. अकराव्या दिवशी त्यांच्यासमोर मोबाइल धरला.

अण्णांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि स्वतःचीच चौकशी बसवली. दुपारी गिझर भरून तापवायला सव्वा युनिटाच्या आतबाहेर, त्यावर सवलत फार तर एक रुपया. रात्रभरात वाया गेलेली उष्णता परत भरायला पहाटे अर्धं युनिट, तेही बिनसवलतीचं. आमच्या वापराच्या टप्प्यात युनिट अकरा रुपयांच्या आसपास पडतं. म्हणजे रुपया वाचवायला साडेपाच रुपये.

"दहा दिवस रिकामी गाडी पळवली की गं मी," ते म्हणाले. आवाज इतका खचलेला होता की मला वाईट वाटलं. मी म्हटलं, अण्णा, मशीनचं बरोबर आहे तुमचं. मशीनला वाट बघावी लागत नाही. पाणी तापवलं की लगेच अंगावर घेतलं तरच फायदा.

"म्हणजे अंघोळच नऊनंतर."

"मी तसं म्हटलं नाही," मी म्हणाले. मी अगदी तसंच म्हटलं होतं.

ज्या माणसाने तीस वर्षं वेळापत्रकं पाळली त्याने स्वतःची पाचची अंघोळ स्वतःच्या हाताने खोडली. मंदारला नऊची वाट बघता येणार नव्हती, म्हणून त्याला सव्वासहाला सूट. बाकी तिघं नऊनंतर. आईंनी कागद वाचला आणि पूजा दहाला करायला हरकत नाही म्हणाल्या. देवांनाही थंडीत गार पाणी नको असतं. "पण पारोशाने आत पाय टाकायचा नाही," त्या म्हणाल्या. "ते आहे तसंच."

कागद लाल शाईने पक्का झाला तेव्हा याचा अर्थ कुणाच्याच लक्षात आला नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. घरात नऊच्या आत न्हालेला माणूस एकच होता.

सहा वाजून पस्तीस मिनिटांनी मंदार ओले केस घेऊन ओट्यासमोर उभा होता आणि आम्ही तिघं उंबऱ्याच्या अलीकडे. आई उंबऱ्यावर पाट टाकून बसल्या आणि तिथून सूचना देऊ लागल्या. साखर वरच्या फडताळात. अरे, ते मीठ. आलं आधी किसायचं, मग दूध. अण्णांना रोजचा सव्वासहाचा चहा सहा पंचेचाळीसला मिळाला आणि त्यांनी तो बघून कपात काय आहे असं विचारलं. डब्यात मंदारने स्वतःसाठी काकडी आणि चार पाव भरले.

दुसऱ्या दिवशी पोळी केली. ती पोळी मी पाहिली आहे. तिसऱ्या दिवशी कंपनीची बस त्याला न घेताच सुटली आणि तो रिक्षाने गेला. एकशे ऐंशी रुपये. अण्णांनी तो आकडा शहाण्णवच्या शेजारी लिहिला.

त्या दिवशी तारीख एकोणीस होती. मला बोलायचं तर आजच बोलायला हवं होतं, आणि माझी हिंमत होत नव्हती. मी नुसती आईंच्या शेजारी उंबऱ्याशी बसून राहिले.

आई उठल्या. मोरीवर गेल्या, हातपाय धुतले, तोंड धुतलं, चूळ भरली. पदराने तोंड पुसत आल्या आणि उंबरा ओलांडून सरळ आत गेल्या. गॅस लावला. आधण ठेवलं. अण्णांनी पेपर खाली ठेवला.

"हातपाय धुतलेत मी," आई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "स्वच्छ आहे."

त्यांनी आलं किसलं.

"मलाच कुठे हौस होती गं," त्या म्हणाल्या, आणि हे त्या माझ्याशी बोलत होत्या. "लग्न झालं तेव्हा अठरा वर्षांची होते. जानेवारीत पाचला गार पाणी, अंग पुसता पुसता दात वाजायचे. मग सून आली, म्हटलं आता हिने केलं नाही तर आपण केलं ते वाया गेलं. हा असला विचार. तो तुझा नवरा तीन दिवस मीठ शोधतोय आणि मी पाटावर बसून मंत्र्यासारखी हुकूम सोडतेय. मला माझंच हसू आलं."

त्या खरंच हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि मला रडू आलं, आणि त्या भरात मी सगळं सांगून टाकलं. मैदान, झीनतताई, वीस तारीख. सहा ते सात.

आईंनी चहा गाळला. "म्हणजे तुझी अंघोळ नऊला, आणि सहाला तू मोकळी," त्या म्हणाल्या. "कणीक रात्री मळून ठेव. पोळ्या मी लाटते, भाजी मंदार चिरेल. त्याला आता मीठ सापडतं. नाव दे उद्या."

"उद्या कशाला, आजच," अण्णा म्हणाले आणि लाल पेन शोधायला उठले.

नव्या हिशेबात मंदारची अंघोळ वजा झाली. तिघांच्या अंघोळी आणि मशीन, रोजची सव्वातीन युनिटं, दोन रुपये साठ पैसे, महिन्याला अठ्ठ्याहत्तर. शहाण्णववरून घसरण झाली, तरी अण्णांनी ती मान्य केली. सवलत कधी मिळते यापेक्षा गाडीत कोण बसतं हे आधी बघायला हवं होतं, असं ते म्हणाले. त्यांच्याकडून हे ऐकणं म्हणजे मोठीच गोष्ट.

एकवीस तारखेला पावणेसहाला मी बुटांच्या नाड्या बांधत होते. बाहेर दाट धुकं. आई शाल गुंडाळून ओट्याशी उभ्या होत्या, केस विस्कटलेले, हातात चहाचा कप. या घरात बेचाळीस वर्षांत त्यांनी अंघोळीआधी प्यालेला हा तिसरा चहा.

"थांब," त्या म्हणाल्या आणि कप माझ्यापुढे केला. "दोन घोट घे. गारठ्यात हात आखडतात. चेंडू सुटेल."