बाबांचे प्रोग्रॅम

आमच्या औषध कंपनीची, साठ्यापासून हिशेबापर्यंत सगळं सांभाळणारी ईआरपी प्रणाली क्लाउडवर न्यायची होती. जशीच्या तशी नेली, तर काम लवकर उरकणार होतं आणि नुकत्याच गेलेल्या बाबांनी लिहिलेले प्रोग्रॅमही राहणार होते. पण पुढच्या प्रत्येक अपग्रेडला तेच आडवे आले असते. नव्याने उभारायची, तर वर्षभराचं काम. निर्णय माझा होता, आणि मी जुनंच धरून बसले.

गोदाम सांभाळणारे काका, बाबांचे मित्र, हसले. "अगं, आधी मुदत संपणारा माल आधी काढायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून तुझ्या बापाने लिहिली. आता ती तयार मिळते. तो असता, तर जुनं पुसून चहाला गेला असता!"

मी नव्या उभारणीवर सही केली. पहिल्या चाचणीत पेट्या बाबांच्याच क्रमाने निघाल्या. मी काकांसाठी चहा घेऊन गेले.