पायाचे चार टाके

उज्वलाताईंच्या मते जगातली कुठलीही वस्तू कुठल्याही वस्तूला चिकटवता येत होती. चपलेचा तळ, मोबाइलचं कव्हर, देव्हाऱ्याचा कळस, सगळं त्यांनी गोंदानं बसवलं होतं. सुटलं की पुन्हा चिकटवायचं, आणि याला त्या देखभाल म्हणत. आरसेकाम त्या पनवेलला दोन दिवसांच्या शिबिरात शिकून आल्या होत्या. त्यातला अर्धा दिवस उद्घाटनात आणि अर्धा प्रमाणपत्रं वाटण्यात गेला असणार, असा गटातल्या श्रुतिकाचा अंदाज होता. पण प्रमाणपत्र होतं, फ्रेममध्ये होतं, आणि बचत गटाच्या खोलीत कुठेही बसलं तरी ते डोळ्यांत भरेल असं लावलेलं होतं.

कापडे गावातल्या या गटाला महाडच्या एका बालवाडीनं बावीस घागरे सांगितले होते. चार वर्षांच्या मुलींचा स्नेहसंमेलनातला नाच, लाल पॉपलिन, घेराला बारा-बारा आरसे. प्लास्टिकचे नकोत, स्टेजवर चमकत नाहीत, असं बालवाडीच्या बाईंनी बजावलं होतं. म्हणून खऱ्या काचेचे, रुपयाहून लहान, गोल. शनिवारी घागरे पोचते करायचे होते. एवढी मोठी ऑर्डर पहिलीच, त्यामुळे उज्वलाताई चालतानाही जरा रुंद चालत होत्या.

त्यांची पद्धत सोपी होती. कापडावर गोंदाचा थेंब, त्यावर आरसा, वरून दोन दोरे आडवे आणि दोन उभे, तेही सैल, कारण आरसा गोंदानं धरलेलाच आहे. मग भोवती रंगीत दोऱ्याचं कडं. दिसायला झकास. निशा तर प्रत्येक आरशागणिक मान डोलवायची. निशा गटात आली होती तीच मान डोलवायला.

श्रुतिका गोंद लावत नसे. बी.एस्सी. झालेली, महाडच्या कॉलेजात पहिल्या दहात आलेली बाई गोंदाच्या बाटलीत ब्रश बुडवील, हे तिला स्वतःलाच पटलं नसतं. तिनं मोबाइलवर व्हिडिओ पाहून काच धरून ठेवणारे पायाचे टाके शिकून घेतले होते. चार दोरे काचेच्या अगदी कडेकडेनं, त्यामुळे तिचा आरसा सगळ्यांत मोठा दिसायचा. उज्वलाताईंच्या आरशांकडे ती बघायची तेव्हा तिच्या नाकपुड्या किंचित फुगायच्या. हे तिला ठाऊक नव्हतं, बाकीच्यांना होतं.

बुधवारी दुपारी तिची अकरा महिन्यांची मैना खोलीत रांगत होती. श्रुतिकाचा एक डोळा सुईवर आणि दीड डोळा मैनेवर. पोरगी शांत झाली की ती घाबरायची, आणि मैना फार शांत होती. गाल आतून हलत होता. श्रुतिकानं सुई टाकली, पोरीला आडवं घेतलं आणि तोंडात बोट घातलं. बोटाबरोबर आरसा बाहेर आला.

मैना आरसा गेल्याबद्दल रडायला लागली.

"आतापासून तोंड बघायची हौस गो पोरीला," उज्वलाताई म्हणाल्या. निशा हसली.

श्रुतिका हसली नाही. मैनेच्या जिभेवर, टाळूवर कुठे कापलंय का ते तिनं तीनदा बघितलं. मग ज्या घागऱ्याची किनार ओली होती तो उचलला. रंगीत कडं जागच्या जागी होतं, आत नुसतं लाल कापड. कापडावर गोंदाची भिजून पांढरी झालेली साय.

"ताई, हा तुमचा आहे."

"पोर चोखते म्हटल्यावर निघणार. आरसा काय चोखायची वस्तू हाय?"

"लाळेनं निघाला, तर धुण्यात काय होईल? बावीस आया घागरे भिजत घालणार. आणि धुतलेला घागरा घालून पोरी अनवाणी नाचणार. पायाखाली काच."

"लाळ वेगळी, पाणी वेगळं." उज्वलाताईंनी हे शास्त्र इतक्या गंभीरपणे सांगितलं की निशानं मान डोलवली. "आणि मी पाणी दाखवलंय की. प्रत्येक घागऱ्याला हळदी-कुंकवाचं बोट लावून, पाणी दाखवून मगच घडी घातलीय. एक तरी आरसा हलला?"

"पाणी दाखवलं म्हणजे चार थेंब शिंपडले ना?"

"कोऱ्या कापडाला चारच शिंपडतात. तुमच्या कॉलेजात बुडवून काढत असतील, मला काय ठाऊक."

"एकदा खरंच धुऊन बघू या. एकच."

"आणि धुतलेला घागरा नवा म्हणून देऊ? चकाकी जाते, सूनबाई. तुझ्या नवऱ्याला सांग, मुंबईहून तुझ्यासाठी थोडी हिंमत पाठव म्हणावं. भित्री ती भित्रीच." आणि त्यांनी गोंदाच्या बाटलीचं बूच दातानं उघडलं.

संध्याकाळी घरी जाताना श्रुतिकानं पिशवीतून दोन घागरे नेले. एक उज्वलाताईंचा, एक स्वतःचा. चोरून नाही, निशाला दाखवून, म्हणजे गावाला कळायला पुरे. उद्या दोन्ही धुतलेले घागरे उज्वलाताईंच्या मांडीवर ठेवायचे आणि काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं, असं तिनं वाटेतच ठरवलं होतं.

मागच्या पडवीत तिनं बादलीत कोमट पाणी घेतलं, धुण्याची पावडर टाकली आणि दोन्ही घागरे अर्धा तास भिजवले. मग धुण्याच्या धोंड्यावर घेऊन चोळले. उज्वलाताईंचा घागरा पहिल्या हिसड्यालाच खुळखुळला. पाणी दुधासारखं झालं. बारातले नऊ आरसे धोंड्यावर, उरलेले तीन कड्यात आडवे होऊन लोंबत होते. श्रुतिकाला इतका आनंद झाला की तिला स्वतःची जराशी लाज वाटली. मग तिनं आपला घागरा हातात घेतला. चोळला, पिळला, झटकला.

पाच आरसे पडले.

ती बसूनच राहिली. गोंद नाही, सैल काम नाही, व्हिडिओ दोनदा बघून केलेलं काम.

"नऊ आन् पाच," मागून सासूबाई म्हणाल्या. चंपाबाई मैनेला कडेवर घेऊन केव्हाच्या उभ्या होत्या. "दोघी एकाच शाळेतल्या दिसता."

"आई, माझे पायाचे टाके घट्ट होते."

"घट्ट हायत गो. पन हायत कुठं? काचेच्या काठावर. शेताचा बांध नाय घालायचा, काच धरायचीय."

चंपाबाईंनी मैनेला तिच्याकडे दिलं, घागरा उचलला आणि गळक्या टोपाकडे बघावं तसं त्याकडे बघितलं. मग त्या सांगू लागल्या, तेव्हा श्रुतिकाला लग्नानंतर चार वर्षांत पहिल्यांदा कळलं की ही बाई मुंबईत शिवडीला असताना सोळा वर्षं एका कच्छी शेठच्या कारखान्यात आरसेच भरत होती. गटाला हे कधी सांगितलं का नाही, असं तिनं विचारलं.

"इचारलं कुनी? तिथं सर्टिफिकीट टांगलेलं. त्याच्याफुडं मी काय बोलू? सुई आन. आन् पक्का दोरा, दुहेरी. ह्यो भरतकामाचा मऊ दोरा वर मिरवायला, पायाला नाय."

त्यांनी आधी पडलेला आरसा धोंड्याच्या खरखरीत अंगावर कडेनं फिरवला. "धार हाय. ही धारच दोरा कापते. कुनी घासली?" कुणीच घासली नव्हती. मग आरसा कापडावर ठेवला, अंगठ्यानं दाबला आणि दोरा काठावरून नाही, काचेच्या पोटावरून नेला. शेजारी दुसरा. मग उभे दोन. प्रत्येक उभा दोरा आडव्याला भेटला की त्याला एक वेढा घालून पुढे, आणि दर वेढ्याला ओढ. मधे उरला तो इवलासा चौकोन. वरून आणखी चार, तिरके.

"आरसा दिसतच नाही, आई."

"आता नाय दिसायचा. थांब जरा." कड्याचा दोरा त्या चौकोनातून घालून त्या बाहेर ओढू लागल्या, एक टाका चौकोनातल्या दोऱ्यांना, एक छोटा टाका कापडाला, पुन्हा दोऱ्यांना. प्रत्येक ओढीनं चौकोन थोडा थोडा गोल झाला, मागे सरकला आणि काच उघडी पडत गेली. "कडं पायाला बाहेर खेचतं. तू पाया आधीच काठावर टाकलास, मंग कड्यानं खेचला तो काचेवरून खालीच उतरला. जाग्यावर काय र्‍हायलं? तुझी बी.एस्सी."

शेवटी त्यांनी आरशावर अंगठ्याचं नख रोवून फिरवायचा प्रयत्न केला. आरसा हलला नाही. "फिरला तर काप. फिरनारा पडनार."

गुरुवारी सकाळी चंपाबाई आयुष्यात पहिल्यांदा गटाच्या खोलीत आल्या. श्रुतिकानं दोन्ही घागरे आणि वाटीतले चौदा आरसे मधोमध ठेवले. बघत राहायचं ठरवलं होतं ते तिला जमलं नाही, कारण चौदातले पाच तिचे होते आणि ते तिलाच सांगावं लागलं.

उज्वलाताईंनी वाटी हलवली. बराच वेळ हलवली. "पावडर कडक असंल तुमची."

"साबन बदलू बावीस घरांचा?" चंपाबाई म्हणाल्या. "का बालवाडीला सांगू, पोरींना चपला घालून नाचवा?"

"चंपाकाकी, शिबिरात आम्हाला..."

"शिबिरात चहा बरा होता का?"

निशाची मान डोलता डोलता मध्येच थांबली. कुणाच्या बाजूनं डोलवायची हे तिला ठरवता येईना.

उज्वलाताईंनी गोंदाची बाटली उचलून खिडकीत ठेवली. फेकली नाही. मग कात्री घेऊन स्वतःच्या पहिल्या घागऱ्याचं कडं उसवायला बसल्या, आणि उसवता उसवता निशाला सांगू लागल्या की पायाचे टाके मधे घ्यायचे असतात, हे त्यांना पनवेललाच थोडं थोडं जाणवलं होतं.

दोन दिवस, चौघी. उसवायचं, कडा घासायच्या, पुन्हा भरायचं. चंपाबाई घरून मैनेला आणून मांडीवर घेत आणि तिथूनच शिव्या देत. शुक्रवारी निशाच्या आरशांनी अचानक सगळ्यांना मागं टाकलं. मान स्थिर ठेवली की तिचा हात उत्तम चालतो, हे कळल्यावर उज्वलाताईंनी तिचा प्रत्येक आरसा नखानं दोन-दोनदा तपासला.

शनिवारी महाडला जाणारी गाडी दारात उभी राहिली तेव्हा बावीस घागरे रचून झाले होते. प्रत्येक आरशावर नख फिरवून बघायचं काम श्रुतिकाकडे होतं, कारण तिच्याइतकं भिऊन दुसरं कुणी बघितलं नसतं; हे चंपाबाईंचं म्हणणं, आणि ते कौतुक होतं की नाही ते कुणी विचारलं नाही. विसाव्या घागऱ्यावर तिचं नख थांबलं. आरसा फिरला. थोडासाच.

"चल गो," उज्वलाताई दारातून म्हणाल्या, "ड्रायव्हर हॉर्न मारतोय. एवढ्यानं काय होतंय?"

मग त्यांनी श्रुतिकाचं तोंड बघितलं आणि परत आत आल्या. "कुणाचा हाय?"

श्रुतिकानं टाक्यांची पाठ उलटून बघितली. गाठ डावीकडे घ्यायची सवय फक्त एकीलाच होती. गाठीवर बोट ठेवून घडी घातली असती तर कुणाला कळलंही नसतं.

"माझा," ती म्हणाली.

"असं होय." उज्वलाताई खाली बसल्या, चांगल्या मांडी घालून. आठवडाभरात त्यांचा चेहरा इतका टवटवीत कधी दिसला नव्हता. "निशा, ड्रायव्हरला सांग, दहा मिनिटं थांब म्हणावं. आमच्या बी.एस्सी.चा एक आरसा काढायचाय."

श्रुतिकानं कात्री घेतली आणि कडं कापलं.